जे विकलं जातं ते

आमच्या खोलीच्या दारावर 'मार्जिन विभाग' अशी पाटी आहे. पाठीमागे लोक आम्हाला वसुली खातं म्हणतात, आणि तेही काही खोटं नाही. आमची कंपनी शेअर बाजारातली दलाल. लोक आमच्याकडे थोडं काहीतरी तारण ठेवतात आणि त्याच्या जोरावर ऐपतीपेक्षा मोठे सौदे करतात. बाजार उलटला की त्यांना फोन करायचा आणि सांगायचं, "पैसे भरा, नाहीतर आम्हाला तुमचं काहीतरी विकावं लागेल." हे गोड आवाजात सांगायचं असा साहेबांचा आग्रह. माझ्या आईच्या मते माझा आवाज जन्मापासून भांडी घासल्यासारखा आहे. तरी नोकरी टिकली, कारण वाईट बातमी खरखरीत आवाजात लवकर पटते.

माझा नवरा बोटीवर चीफ इंजिनीअर. त्यामुळे सगळे त्याला चीफ म्हणतात, मीही म्हणते. वर्षातले बरेचसे महिने तो पाण्यावर. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण एका छपराखाली काढलेले दिवसच धरले तर आम्ही अजून नवविवाहितच आहोत. मी हा विनोद सगळीकडे करते. लोक हसतात, आणि मग मला घरी जाऊन एकटीने जेवायचं असतं.

घरात एक कोपरा 'तो आला की' या खात्यावर आहे. मिक्सर, एक पंखा, इस्त्री, हँडल निसटलेला कुकर. या वस्तू दुरुस्तीला टाकायला दुकानं आहेत, मला कळतं. पण त्या तिथे पडून असल्या की तो येणार हे नक्की वाटतं. माणूस काय काय करतो! कपाटाचा त्याचा खण मी कधी भरला नाही. पलंगावर मी अजून भिंतीच्याच बाजूला झोपते, इतकी वर्षं, एवढा मोठा पलंग मोकळा असताना.

त्याचं एकच म्हणणं असायचं: "घराएवढं सोनं झालं की उतरलो." दर पगारातून तो सोन्याच्या फंडाचे युनिट घ्यायचा, जे बाजारात शेअरसारखे विकत मिळतात आणि ज्यांच्यामागे तिजोरीत खरं सोनं असतं. घर म्हणजे तळमजल्यावरचं, पुढच्या खोलीत पंप दुरुस्तीचं वर्कशॉप निघेल असं. पाण्याचे पंप हा त्याचा जीव की प्राण. आमच्या पहिल्या भेटीत तो अर्धा तास पंपांवर बोलला होता आणि मी तरीही हो म्हणाले होते. दर वर्षी घरं महाग व्हायची आणि सोन्याचा आकडा एक पाऊल पुढे सरकायचा. या वर्षी मात्र सोनं खरंच पुरलं. ही शेवटची फेरी, असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला. दोन महिन्यांत तो उतरणार होता आणि मी त्याच्या खणात नवीन कागद अंथरला होता.

आणि मग मागच्या बंदरात त्याला बुद्धी सुचली.

"सोनं नुसतं पडून आहे," त्याने फोनवर सांगितलं. "तारण ठेवून बाजार वर जाण्याचा एक सौदा घेतलाय. वर्कशॉपला वर एक माळा निघेल."

"अरे, मी दिवसभर असल्याच लोकांना फोन करते!"

"ऐक ना. बाजार पडलाच, तर सोनं वर जातं. एका हाताने गेलं तर दुसऱ्या हाताने येईल."

"छत्री गहाण टाकून पावसात उभा राहणार आहेस तू," मी म्हणाले. तो हसला. बोटीवर त्याच्या हाताखाली पंधरा माणसं आहेत, त्याला हसायची सवय आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते माझ्याच घरात घडत होतं, फक्त कोरडा पाषाण मी नसून माझा नवरा होता.

त्या सोमवारी बाजार उघडला तो पडतच. शुक्रवारीही पडला होता, पण शुक्रवारी लोक "स्वस्तात मिळतंय" म्हणत होते. सोमवारी कुणी काही म्हणत नव्हतं. पडद्यावर एकामागून एक शेअर दिवसाच्या खालच्या मर्यादेला जाऊन अडकले. विकणारे रांगेत, घेणारा एकही नाही. आमच्या खोलीतले सगळे फोन एकदम वाजायला लागले आणि मग आम्हीच ते लावायला लागलो.

माझ्या यादीत पहिले एक दातांचे डॉक्टर होते. जुने खातेदार, स्वभावाने सज्जन, बाजारात शिरले की मात्र भलतेच शूर.

"बाई, तुमच्या माणसांनी माझं सोनं विकायला काढलंय," ते म्हणाले. "शेअर पडलेत, तर शेअर विका. सोन्याला का हात लावता? संकटात सोनंच तर वर जातं ना?"

"डॉक्टर, तुमचे शेअर मी सकाळपासून विकायला लावलेत. घेणारा कुठाय?"

"मग थांबा ना."

"कसं थांबू? तुमच्या सौद्यातला आजचा तोटा आजच भरायचा, तोही रोख. तारण म्हणून ठेवलेलं सोनं तुमची पत दाखवतं, तोटा भरत नाही. तोट्याला नगदच लागते. तुम्ही भरता का?"

"आता या क्षणी माझ्याकडे कुठले एवढे?"

"म्हणून जे विकलं जातं ते विकायचं. जे विकायला हवं ते नाही."

पलीकडे ड्रिलची घरघर बंद झाली. मग ते म्हणाले, "पण सोनंही उतरतंय, हे कसं?"

"कारण तुमच्यासारखे सगळीकडे आहेत," मी म्हणाले. "मोठमोठे फंड आहेत. त्यांनाही आज असेच फोन गेलेत, तुमच्या फोनपेक्षा मोठे. त्यांच्याकडेही लगेच गिऱ्हाईक मिळेल असं सोनंच आहे. शिवाय वर्षभरात ते वाढलेलं, विकलं तर नफा. सोन्याचं काही बिघडलेलं नाही, डॉक्टर. ते चांगलं आहे म्हणून विकलं जातंय."

"म्हणजे घरात कमावता जो असतो त्याच्याच मानेवर जू."

"अगदी तेच," मी म्हणाले आणि विक्री पुढे सरकवली.

हे सगळं मी तोंडपाठ बोलत होते आणि डोळे मात्र शेजारच्या पडद्यावर होते. शेजारी तात्या बसतात. वयाने माझ्या वडिलांएवढे नाहीत, पण वागतात तसेच, म्हणून तात्या. आमच्याकडे एक नियम आहे: कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसाचं खातं त्याने स्वतः हाताळायचं नाही, शेजाऱ्याने हाताळायचं. आणि पैसे मागणारा प्रत्येक फोन रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवरूनच करायचा, समोरचा माणूस कुणीही असो, कुठेही असो. चीफचं खातं तात्यांकडे होतं. चीफ समुद्रावर असला की त्याच्या वतीने बोलायचा अधिकार माझ्याकडे. कागदावर तशी त्याची सही आहे.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी रिसीव्हर उचलला आणि नंबर दाबला. माझ्या टेबलावरचा फोन वाजला.

"नमस्कार. मी मार्जिन विभागातून बोलतोय. आपण खातेदारांच्या वतीने बोलताय का?"

"हो," मी म्हटलं. आमच्या खुर्च्यांच्या मध्ये एक कचऱ्याची टोपली होती.

"आपल्या खात्यात तोटा भरण्यासाठी रक्कम कमी आहे. दुपारच्या आत भरणा झाला नाही तर तारणातून विक्री करावी लागेल."

त्यांनी रक्कम सांगितली. ती मला माहीत होती, त्यांच्या पडद्यावर दिसत होती, तरी मी ती कागदावर लिहून घेतली. चीफचे थोडे शेअर होते, तेही खालच्या मर्यादेला अडकलेले. उरलं सोनं. त्या रकमेला निम्म्याहून जास्त सोनं जाणार होतं.

"मी खातेदारांशी बोलून कळवते," मी म्हटलं.

"जरूर," तात्या म्हणाले. मग रिसीव्हर ठेवून, साध्या आवाजात, "जा पोरी, फोन कर. खिडकीपाशी रेंज बरी आहे."

बोटीच्या फोनवर आवाज उपग्रहावरून येतो. आपण बोललं की ते तिकडे पोचेपर्यंत मध्ये एक पोकळी पडते. त्या पोकळीची मला सवय आहे. आमचा अर्धा संसार त्या पोकळीतच झालाय.

"सोनं विकावं लागेल," मी सांगितलं. "निम्म्याच्या वर."

तो घाबरेल असं मला वाटलं होतं. चिडेल, स्वतःला शिव्या देईल, माझी माफी मागेल. मी त्याची समजूत घालायला शब्दही जुळवले होते.

"असू दे," तो म्हणाला. "विक. मी अजून दोन-तीन वर्षं मारतो फेऱ्या, भरून काढतो. काळजी करू नकोस."

एवढं चटकन! शब्द तयारच होते त्याच्याकडे. आणि त्या आवाजात मला जे ऐकू आलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सुटका ऐकू आली. शाळा बंद असल्याचं कळल्यावर मुलांच्या आवाजात असते तशी.

मी खिडकीची कड घट्ट धरली.

"तुला यायचंच नाहीये का?" मी विचारलं.

"काय बोलतेस?"

"सरळ विचारतेय. यायचंय की नाही?"

"यायचंय ग. पण असं... सोन्याशिवाय येऊन मी करू काय?"

"काही करू नकोस. नुसता ये."

"नुसतं कसं येता येतं?" तो म्हणाला, आणि या वेळी आवाज खाली आला. "इथे मला पहाटे उठवायला इंजिनाचा आवाज पुरतो. तिथे सकाळी उठून मी कुठे जायचं? तू तुझ्या कामाला जाशील. मी घरात बसून काय, तुझी वाट बघू?"

मी एकोणीस वर्षं तेच करत होते, हे माझ्या जिभेवर आलं. मी ते बोलले नाही. बोलायचा मोह फार झाला, पण वेळ नव्हती, आणि मला भांडून जिंकायचं नव्हतं, मला तो हवा होता.

"खात्याचं काय करू?" मी एवढंच विचारलं.

"तुला त्यातलं जास्त कळतं. तूच ठरव. अधिकारपत्र कशाला दिलंय?"

मी जागेवर आले. पडद्यावर सोन्याचा भाव अजून एक पायरी खाली होता. मला माहीत होतं तो पुढे वर येणार. कधी ते सांगता येत नाही, पण येणार. पैशांसाठी धावपळ करून विकणाऱ्यांचं विकून झालं की सोनं आपल्या जागी परत येतं, हे मी या खोलीत पूर्वीही पाहिलंय. उरलेलं सोनं ठेवणं हेच शहाणपणाचं होतं. कुठल्याही खातेदाराला मी तेच सांगितलं असतं.

पण ते उरलेलं सोनं मला कसं दिसत होतं ते सांगते. ते मला बीज दिसत होतं, नव्या फेऱ्यांचं. निम्मं आहेच, निम्मं अजून जमवू, तेवढ्यात घरं महाग होतील, मग अजून थोडं. पुन्हा तोच आकडा, तेच एक पाऊल पुढे. मी पन्नाशीला आले होते. मला त्या सोन्याचा एवढा राग आला की माझे कान तापले. सवत असती तर निदान तिच्या झिंज्या उपटता आल्या असत्या.

मी तात्यांना फोन लावला. त्यांच्या टेबलावर तो वाजला. त्यांनी माझ्याकडे बघत उचलला.

"खातेदारांच्या वतीने बोलतेय," मी म्हटलं. "सौदा बंद करा. पूर्ण. तोट्यासाठी सोनं विका."

"सौदा बंद करतो. तोट्यापुरतं सोनं विकतो," तात्यांनी नियमाप्रमाणे म्हटलं.

"नाही. सगळं सोनं विका."

 कचऱ्याच्या टोपलीपलीकडून तात्यांच्या भुवया वर गेल्या.

"आपल्याला सांगणं माझं काम आहे," ते हळूहळू म्हणाले, "की सौदा बंद झाल्यावर उरलेलं सोनं विकायची कुठलीही गरज उरत नाही. आज भाव पडलेला आहे. सक्तीने विकणाऱ्यांमुळे पडलेला आहे."

"मला माहीत आहे."

"आपल्याला नक्की..."

"तात्या, मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. विका."

रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवर नाव घ्यायचं नसतं.  तात्यांनी विक्री टाकली. सोन्याला घेणारे होते, भराभर होते, आणि आम्ही दोघं शेजारी बसून ते जाताना पाहत राहिलो. एवढी वर्षं जमवलेलं जायला चहा गार होण्याइतका वेळही लागला नाही.

आलेले पैसे तोट्यात गेले, उरले ते मी घरासाठी ठेवले नाहीत. घर त्यात येणारच नव्हतं. पुढच्याच आठवड्यात बाजारामागच्या गल्लीत मी एक गाळा भाड्याने घेतला. शटर गंजकं, आत एक बाकडं, पाण्याचा नळ आणि जमिनीला तेलाचे डाग. आधीचा माणूस मोटारी दुरुस्त करायचा. अनामत भरली, तीन वर्षांचा करार केला, उरलेल्यातून लोखंड घट्ट धरून ठेवणारा एक चांगला व्हाइस आणि पान्यांचा सेट घेतला. पान्यांमधलं मला काही कळत नाही. दुकानदाराला म्हटलं, "बोटीवरच्या माणसाला लाज वाटणार नाही असे द्या."

मग सोनं वर गेलं. जायचंच होतं. आधी गेलेलं भरून निघालं आणि मग ते थांबलंच नाही. डॉक्टर रोज फोन करून उसासे टाकायचे. चीफला मी सगळं विकल्याचं कळवलं होतं, त्यावर त्याने एका शब्दाचंही उत्तर दिलं नाही. फक्त अधूनमधून निरोप यायचा, "सोनं आज इतकं." पुढे काही नाही. बंदरात लागला की "सोनं आज इतकं." मला भाव माहीत असायचा, मी तर तो दिवसभर बघते. पण प्रत्येक वेळी फोन किणकिणला की वाटायचं, या वेळी काहीतरी वेगळं असेल. मी त्याच्या रागाचीसुद्धा वाट बघत होते. राग तरी माझ्यासाठी असतो, भाव सगळ्यांसाठीच असतो.

त्याचा करार संपत आला. कंपनी नवीन करारावर सही मागत असणार, हे मला न सांगताही कळत होतं. आईने विचारलं, "येतोय ना?" मी म्हटलं, "बघू." माझ्या तोंडून हा शब्द आईने पहिल्यांदा ऐकला असेल, मी ठाम बोलणारी बाई आहे.

एका दुपारी मी गाळ्यावर गेले. शटर वर केलं, बाकडं पुसलं आणि फोटो काढला: बाकडं, व्हाइस, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. फोटोखाली लिहिलं, "घर झालं नाही. सोनं नाही. पंप दुरुस्तीसाठी माणूस हवा आहे. अनुभवी."

पाठवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली. पन्नाशीच्या बाईने काय पोरकटपणा करावा! दिवस गेले. उत्तर नाही. सोन्याचा भावही नाही. मी कामावर जात होते, लोकांना फोन करत होते, गोड आवाज काढायचा प्रयत्न करत होते. तात्या काही विचारत नव्हते, फक्त माझ्या टेबलावर बिस्किटं ठेवून जायचे.

आणि एका सकाळी, बाजार उघडायच्या आधी, उपग्रहाच्या नंबरावरून फोन आला. मी खिडकीपाशी जायलाही थांबले नाही.

"ते पाने उलट्या क्रमाने लावलेस," तो म्हणाला.

"मला काय कळतं त्यातलं."

"कळत नाही ना. म्हणूनच." मग पोकळी. मग, "पगार काय देणार?"

"जेवूनखाऊन," मी म्हणाले. माझा आवाज भांडी घासल्यासारखा नव्हता, त्याहूनही वाईट होता. "आणि रजा मिळणार नाही. एक दिवसही नाही."

पोकळी नेहमीपेक्षा मोठी होती.

"घरापासून रजा एकोणीस वर्षं घेऊन झाली की," तो म्हणाला. "सही केली नाही मी. कामावर येतोय."

मी सगळ्या खोलीदेखत, हातात फोन धरून, मोठ्याने रडले. तात्यांनी उठून दार लावून घेतलं.